चंद्राच्या कला आणि ग्रहणे : फळ्यावरील दोन आकृत्या

२२ जुलै २००९ रोजी, आषाढ अमावास्येच्या सकाळी, नंदुरबार जिल्ह्यात सूर्य उगवला तो ग्रासलेलाच. सहाच्या सुमारास सूर्योदय झाला आणि सुमारे वीस मिनिटांनी चंद्राने सूर्यबिंब पूर्णपणे झाकले. खंबायतच्या आखाताकडून आलेली चंद्राची छाया सुरत ओलांडून नंदुरबार, तळोदा, धडगाव या भागावरून इंदूर-भोपाळकडे निघून गेली. या परिसरात खग्रास स्थिती सुमारे तीन मिनिटे टिकणारी होती. ऐन पावसाळा आणि क्षितिजालगतचा सूर्य यांमुळे पश्चिम भारतात अनेक ठिकाणी ढगांनी हे दृश्य झाकून टाकले. तथापि छाया आली आणि गेली, यात शंका नाही. त्याच वेळी मुंबईत मात्र ग्रहण केवळ खंडग्रास होते.

छाया नंदुरबारवरून गेली आणि मुंबईवरून नाही, असे का? आणि त्या वर्षीच्या इतर अमावास्यांना या जिल्ह्यात असे काही का घडले नाही? या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या फळ्यावर काढल्या जाणाऱ्या दोन साध्या आकृत्यांत आहेत. परंतु त्या आकृत्या नीट वाचल्या नाहीत, तर त्यांतूनच गैरसमजही निर्माण होतात.

पहिली आकृती : कला

फळ्याच्या डाव्या कडेला सूर्य, मध्यभागी पृथ्वी आणि तिच्याभोवती चंद्राची वर्तुळाकार कक्षा काढावी. कक्षेवर चार ठिकाणी चंद्र दाखवावा. प्रत्येक चंद्राचा सूर्याकडील, म्हणजे डावीकडील, अर्धा भाग पांढरा ठेवावा व उरलेला काळा करावा. येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, चंद्राचा अर्धा भाग सदैव प्रकाशित असतो. अमावास्येलाही असतो. बदलतो तो केवळ त्या प्रकाशित भागापैकी आपल्याकडे वळलेला हिस्सा.

चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूस असतो तेव्हा त्याची प्रकाशित बाजू आपल्याकडे पाठ करून असते. ही अमावास्या होय. तेथून चंद्र दररोज सूर्यापासून सुमारे १२ अंशांनी पूर्वेकडे सरकतो. पंचांगातील तिथी म्हणजे हेच १२ अंशांचे अंतर होय. शुद्ध अष्टमीच्या सुमारास हे अंतर ९० अंश होते. त्या वेळी प्रकाशित भागाचा अर्धाच हिस्सा आपल्यासमोर येतो आणि चंद्र अर्धा दिसतो. पौर्णिमेला अंतर १८० अंश होते. सूर्य एका बाजूस, चंद्र दुसऱ्या बाजूस आणि आपण मध्ये, म्हणून संपूर्ण प्रकाशित बाजू दिसते. वद्य अष्टमीस पुन्हा अर्धा चंद्र दिसतो, परंतु या वेळी दुसरा अर्धा. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात.

हीच आकृती चंद्रोदयाची वेळही सांगते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरासमोर असल्यामुळे सूर्य मावळताना तो उगवतो व रात्रभर आकाशात राहतो. सातपुड्यातील फाल्गुन पौर्णिमेच्या होळीला रात्रभर चांदणे मिळते ते यामुळेच. त्यानंतर चंद्रोदय दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबतो. म्हणून संकष्टीचा उपवास सोडण्यास रात्री नऊच्या आगेमागे वाट पाहावी लागते आणि वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो.

नेहमीची चूक

कला पृथ्वीच्या छायेमुळे होतात, अशी समजूत विद्यार्थ्यांत आणि मोठ्या माणसांतही आढळते. ती दूर करण्यास शब्दांपेक्षा एक दुपार पुरेशी आहे. शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी चारच्या सुमारास मुलांना पटांगणात न्यावे. पश्चिमेकडे सूर्य आणि पूर्वेकडील आकाशात अर्धा चंद्र, असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. पृथ्वीची छाया सूर्याच्या विरुद्ध दिशेस पडते, म्हणजे त्या क्षणी ती क्षितिजाखाली असते. चंद्र मात्र क्षितिजावर उंच आहे. मग तो अर्धा झाकणारी छाया पृथ्वीची कशी असेल?

त्यानंतर एक लिंबू हातात धरून हात चंद्राच्या दिशेने लांब करावा. उन्हातील लिंबाचा जो भाग उजळलेला दिसतो, नेमका तसाच चंद्रही उजळलेला दिसतो. सूर्याकडे मात्र पाहू नये व मुलांनाही पाहू देऊ नये.

दुसरी आकृती : ग्रहणे

आता सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका सरळ रेषेत काढावेत. सूर्याच्या वरच्या व खालच्या कडांपासून चंद्राच्या त्याच त्या कडांना स्पर्श करून जाणाऱ्या दोन रेषा चंद्रामागे एका बिंदूत मिळतात. मधला निमुळता शंकू ही दाट छाया होय. एका कडेपासून विरुद्ध कडेला स्पर्श करून जाणाऱ्या रेषा विरळ छायेची सीमा दाखवतात. दाट छायेत सापडलेल्या गावी सूर्य पूर्ण झाकला जातो आणि विरळ छायेतील गावी काही अंशीच झाकला जातो. २००९ मध्ये पश्चिम भारतात दाट छायेच्या पट्ट्याची रुंदी सुमारे २०० किलोमीटर होती. नंदुरबार या पट्ट्यात आले, मुंबई दक्षिणेस बाहेर राहिली. सातपुड्याच्या बाजूचा भाग पट्ट्याच्या मध्यरेषेला अधिक जवळ होता, म्हणून तेथे खग्रास अवधी नंदुरबार शहरापेक्षा थोडा जास्त होता.

हा शंकू पृथ्वीपर्यंत जेमतेम पोहोचतो. चंद्राचे सरासरी अंतर ३ लक्ष ८४ हजार किलोमीटर आहे आणि छायेची लांबी त्याहून किंचित कमी भरते. म्हणून चंद्र जवळ असेल तरच खग्रास ग्रहण घडते. २२ जुलै २००९ च्या आदल्याच दिवशी चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लक्ष ५७ हजार किलोमीटर, म्हणजे त्या फेरीतील सर्वांत कमी अंतरावर होता. उलट १५ जानेवारी २०१० रोजी तो दूर होता. छायेचे टोक पृथ्वीला टेकले नाही आणि कन्याकुमारी-रामेश्वर भागातून कंकणाकृती ग्रहण दिसले. आकृती तीच, केवळ चंद्र थोडा मागे सरकवावयाचा.

चंद्रग्रहणासाठी चंद्र पृथ्वीच्या पलीकडे, तिच्या छायेत काढावा. पृथ्वीची दाट छाया चंद्राच्या अंतरावर सुमारे ९ हजार किलोमीटर रुंद असते, म्हणजे चंद्राच्या अडीच पटींहून अधिक. त्यामुळे चंद्रग्रहण अधिक काळ चालते आणि जेथे जेथे रात्र असून चंद्र क्षितिजावर असेल, त्या सर्व ठिकाणांहून दिसते.

७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेचे उदाहरण घेऊ. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राने दाट छायेला स्पर्श केला, ११ वाजून १ मिनिटाने तो पूर्ण बुडाला, १२ वाजून २२ मिनिटांनी बाहेर पडू लागला आणि १ वाजून २६ मिनिटांनी मोकळा झाला. एकूण साडेतीन तास झाले. छायेच्या मानाने चंद्र ताशी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर सरकतो, तेव्हा या काळात त्याने सुमारे १२ हजार किलोमीटर कापले. त्यातून चंद्राचा स्वतःचा ३,४७४ किलोमीटर व्यास वजा केला की छायेची रुंदी साडेआठ-नऊ हजारांच्या आसपास येते. चंद्र छायेच्या अगदी मध्यातून गेला नसल्याने आकडा किंचित कमी भरतो. घड्याळ आणि वही एवढ्यावर शाळेतील मुले ही मोजणी करू शकतात.

कला आणि ग्रहण यांतील फरक चंद्राच्या तोंडाकडे पाहूनही ओळखता येतो. कलेची सीमारेषा नेहमी चंद्रबिंबाच्या समोरासमोरच्या दोन टोकांना जोडते. ग्रहणाची सीमा तशी नसते. ती एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते, कडेला अस्पष्ट असते आणि तासाभरात संपूर्ण बिंबावरून सरकते.

दर महिन्यास ग्रहण का नाही?

दोन्ही आकृत्या सपाट फळ्यावर काढल्यामुळे येथे खरी अडचण येते. पहिल्या आकृतीत अमावास्येचा चंद्र सूर्यासमोर आणि पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या छायेत असल्यासारखाच दिसतो. मग विद्यार्थी विचारतो की दर महिन्यास दोन ग्रहणे का होत नाहीत? प्रश्न रास्त आहे, दोष फळ्याचा आहे.

यासाठी पटांगणात मापाने रचना करावी. सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचा, नारळाएवढा गोळा ही पृथ्वी. ३ सेंटिमीटरचे लहानसे लिंबू हा चंद्र. त्या मापाने लिंबू नारळापासून ३ मीटर ३० सेंटिमीटर दूर ठेवावे लागते. सूर्य १२ मीटर व्यासाचा होईल आणि तो सुमारे १,३०० मीटर अंतरावर, बहुधा गावाबाहेर, ठेवावा लागेल. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे लिंबू त्या पातळीपासून ३० सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जाते. नारळाची दाट छाया तेथे फक्त ८ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे बहुतेक पौर्णिमांना लिंबू छायेच्या वरून वा खालून निघून जाते आणि बहुतेक अमावास्यांना लिंबाची छाया नारळाला चुकवते.

दोन्ही पातळ्या ज्या दोन बिंदूंत छेदतात, त्यांनाच परंपरेने राहू आणि केतू म्हणतात. ते गोळे नाहीत, केवळ छेदनबिंदू आहेत. सूर्य त्यांपैकी एकाच्या जवळ असताना अमावास्या वा पौर्णिमा आली तरच ग्रहण घडते आणि अशी संधी सुमारे सहा महिन्यांनी येते. २००९ चेच पाहा. २६ जानेवारीस हिंदी महासागरावर कंकणाकृती सूर्यग्रहण झाले. त्यानंतर १७७ दिवसांनी, म्हणजे बरोबर सहा चांद्रमासांनी, २२ जुलैचे खग्रास ग्रहण आले. आणखी १७७ दिवसांनी १५ जानेवारी २०१० चे. जुलैच्या ग्रहणाच्या दोन्ही बाजूंस, ७ जुलै व ६ ऑगस्ट रोजी, चंद्र पृथ्वीच्या विरळ छायेला जेमतेम शिवून गेला. साध्या डोळ्यांना जाणवण्यासारखे त्यात काही नव्हते.

आकृतीवरून एक व्यावहारिक सावधगिरीही निघते. विरळ छायेतील गावी सूर्याचा काही भाग अखेरपर्यंत उघडा असतो. तो भाग कितीही लहान असला तरी डोळ्याच्या पडद्यास इजा करू शकतो आणि ती इजा होताना वेदना होत नाही. काजळी धरलेली काच, पाण्यातील प्रतिबिंब किंवा क्ष-किरण फिल्म यांवर विसंबू नये. पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून, प्रतिमा दुसऱ्या कागदावर पाडावी. झाडाच्या पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसेही त्या वेळी कोरीच्या आकाराचे होतात. मुलांना तेच दाखवावेत.