उरलेली हळद कोणाची?

सांगलीच्या व्यापाऱ्याने ६०,००० रुपयांची हळद घेतली, हमालीचे २,००० दिले. पुण्याच्या भागीदाराने ३,००० वाहतुकीला घालून ७०,००० ची विक्री केली. उरलेली पोती त्याने स्वतःच ५,००० ला ठेवून घेतली.

दोघांचे आकडे एकत्र मांडलेले मेमोरँडम खाते फक्त नफा काढण्यापुरते असते. खर्च ६५,०००, जमेला विक्री आणि ठेवलेला माल मिळून ७५,०००. नफा १०,०००, निम्मा-निम्मा.

पुणेकर आपल्या वहीत ते ५,००० खरेदीला नावे टाकून संयुक्त व्यवहाराला जमा करतो. सांगलीकराच्या वहीत त्याची नोंदच नसते. घोळ होतो तो इथेच. मेमोरँडममध्ये माल जमा करायचा राहिला, तर सांगलीकराला ६७,००० ऐवजी ६४,५०० च मिळतात. म्हणून मालाचा भाव आधी लेखी ठरवा.