पाच गाड्या, एक मॉडेल, दोन प्रकार

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कॉम्प्रेसर दुरुस्तीची सेवा देणारी एक छोटी कंपनी आहे असं समजू. पाच इंजिनिअर, प्रत्येकाचं महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरणं. मालकाला पाचही गाड्या एकाच मॉडेलच्या हव्या आहेत, आणि त्यात तथ्य आहे. वर्कशॉप एकच राहतं, स्टेपनी अदलाबदल करता येते, एकाची गाडी अडली तर तो दुसऱ्याची सहज घेऊन निघतो.

चालकांची मागणी मात्र वेगळी असते. सिन्नर, इगतपुरीकडे जाणाऱ्याला सीएनजी परवडतो, पण अनेक छोट्या सीएनजी गाड्यांची डिकी सिलिंडरच अडवतो. तिथे अवजारांची पेटी मावत नाही आणि ती मागच्या सीटवर ठेवणं धोक्याचं असतं. दिवसभर शहराच्या गर्दीत अडकणाऱ्याला क्लचचा कंटाळा येतो, त्याला ऑटोमॅटिक हवी असते. या तक्रारींना मी लाड म्हणणार नाही. शोरूमला जाताना पेटी बरोबर न्यावी आणि डिकीत ठेवून पाहावी. सर्वांत उंच इंजिनिअरलाही स्टिअरिंगमागे बसवावं. बहुतेक वेळा मार्ग एकाच मॉडेलमध्ये सापडतो: पेटी मावत असेल तर तीन सीएनजी, दोन पेट्रोल ऑटोमॅटिक. बरेचसे सुटे भाग दोन्हींना सारखेच लागतात.

खरी गफलत होते ती सर्व्हिसिंगच्या करारात. 'पाच वर्षं किंवा पन्नास हजार किलोमीटर, जे आधी होईल ते' असं पॅकेज स्वस्त वाटतं. पण महिना अडीच हजाराच्या हिशेबाने ते वीस महिन्यांतच संपतं. पुढची वर्षं कागदावरच राहतात. म्हणून करार किलोमीटर मोजूनच घ्यावा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बॅटरी त्यात येतात का, हे लेखी विचारावं. बहुधा यातलं बरंचसं वगळलेलं असतं. कोटेशनांची तुलना जीएसटी धरूनच करावी. अशा कंपनीला या गाड्यांच्या खरेदीवर, दुरुस्तीवर आणि विम्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही.

आणखी एक अडचण सहसा आधी सुचत नाही. एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्या पळणाऱ्या पाच गाड्यांचे दहा हजार किलोमीटर चार महिन्यांनी एकाच आठवड्यात भरतात. त्या आठवड्यात फिरायला गाडीच उरत नाही. यावर उपाय म्हणजे ऑइल बदलण्याची पहिली सर्व्हिसिंग एका गाडीची सहा हजारांवर, पुढच्यांची सात, आठ, नऊ आणि दहा हजारांवर करायची. मग गाड्या साधारण बारा दिवसांच्या अंतराने वर्कशॉपला जातात. सर्व्हिसिंग लवकर केल्याने वॉरंटीला धक्का लागत नाही, उशिराने लागू शकतो. पाच गाड्यांच्या जोरावर किमतीत फारशी सूट मिळत नाही. डीलरकडून मागायचं ते हे: सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत, आणि तसं करारात लिहून.