सीटीआर दुप्पट झाला, तर सीपीएचं काय?

डिजिटल मार्केटिंगच्या प्रश्नमंजूषांमध्ये एक ठरावीक गणित हटकून येतं. दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकणाऱ्या एका गृहोद्योगाची जाहिरात 80,000 वेळा दिसली. तिच्यावर 1,600 क्लिक आले. एका क्लिकला 12 रुपये मोजावे लागले आणि शेवटी 48 जणांनी ऑर्डर दिली. सीटीआर, कन्व्हर्जन रेट आणि सीपीए काढा.

जाहिरात जितक्या वेळा दिसली, त्यातल्या शेकडा किती वेळा तिच्यावर क्लिक झालं, तो सीटीआर, म्हणजे क्लिक-थ्रू रेट. 1,600 भागिले 80,000, म्हणजे 2 टक्के. कन्व्हर्जन रेट काढताना मात्र भाजक बदलतो आणि घाईत असलेला विद्यार्थी इथेच घसरतो. 48 ला 80,000 ने भागलं की 0.06 टक्के येतं आणि पर्यायांमध्ये ते उत्तर मुद्दाम ठेवलेलंही असतं. पण ऑर्डर देण्याची संधी मिळाली ती क्लिक करून दुकानाच्या पानावर पोचलेल्यांनाच. म्हणून 48 भागिले 1,600, म्हणजे 3 टक्के. राहिला सीपीए, म्हणजे एक गिऱ्हाईक मिळवायला आलेला खर्च. एकूण खर्च 1,600 गुणिले 12, म्हणजे 19,200 रुपये. त्याला 48 ने भागलं की 400 रुपये.

इथवर सगळं सरळ आहे. खरी गंमत पुढच्या उपप्रश्नात असते: बाकी सगळं तसंच राहून सीटीआर 4 टक्के झाला, तर सीपीए किती होईल? बहुतेकजण डोळे झाकून 200 वर खूण करतात. जाहिरात दुपटीने चालली, मग खर्च निम्मा व्हायला नको का?

आकडे मांडून बघू. क्लिक झाले 3,200. त्यातले 3 टक्के, म्हणजे 96 ऑर्डरी. पण क्लिकही दुप्पट झाले असल्याने बिल 38,400 रुपयांचं आलं. 38,400 भागिले 96, पुन्हा 400 रुपयेच. धंदा दुप्पट झाला, पण एका गिऱ्हाइकामागचा खर्च जागचा हलला नाही. क्लिकवर पैसे मोजायचे असतील, तर सीपीए म्हणजे एका क्लिकचा दर भागिले कन्व्हर्जन रेट: 12 भागिले 0.03. या मांडणीत सीटीआर कुठे येतच नाही. (3 टक्क्यांचे 0.03 न करता नुसत्या 3 ने भागलं, तर गिऱ्हाईक 4 रुपयांत पडतं. इतकं स्वस्त उत्तर आलं की चूक झाली हे ओळखावं.)

आता प्रश्नातलं एकच वाक्य बदलू. क्लिकला पैसे नाहीत. जाहिरात हजार वेळा दिसली की 240 रुपये. 80,000 वेळांचे होतात तेच 19,200 रुपये आणि 48 ऑर्डरींना सीपीएही तोच, 400. पण इथे सीटीआर 4 टक्के झाला, तर बिल वाढत नाही. 19,200 रुपयांतच 96 ऑर्डरी मिळतात आणि सीपीए खरोखरच 200 वर येतो. म्हणजे 200 हे उत्तर चूक नव्हतं, ते दुसऱ्या प्रश्नाचं होतं. पैसे कशाचे मोजायचे, हे आधी वाचायला हवं. गूगलच्या सर्च जाहिरातींत सहसा क्लिकचे पैसे लागतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर बहुतेकदा जाहिरात दिसण्याचे.

सरासरीचा सापळाही याच आकड्यांत लपवता येतो. समजा जाहिराती दोन होत्या. पहिली 70,000 वेळा दिसून 700 क्लिक, सीटीआर 1 टक्का. दुसरी 10,000 वेळा दिसून 900 क्लिक, 9 टक्के. एक आणि नऊची सरासरी पाच, असं लिहिलं की मार्क गेले. दोन्हींचे क्लिक आणि दोन्हींचं दिसणं आधी वेगवेगळं मिळवायचं, मग भागायचं. उत्तर तेच, 2 टक्के.

‘बाकी सगळं तसंच राहून’ हे शब्द परीक्षेपुरते ठीक आहेत. प्रत्यक्षात ‘निम्म्या किमतीत फराळ’ असा मथळा दिला तर क्लिक वाढतात, पण पानावर येऊन पूर्ण किंमत पाहिलेले लोक परत फिरतात आणि कन्व्हर्जन रेट पडतो. उलट, गूगलच्या लिलावात जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यताही जमेस धरली जाते. त्यामुळे चांगल्या सीटीआरने क्लिकचा दर उतरू शकतो आणि मग सीपीएही आडवाटेने कमी होतो.

शिवाय 400 रुपये हा सीपीए बरा की वाईट, हे या तीन आकड्यांवरून कळतच नाही. फराळाच्या एका डब्यामागे जाहिरात सोडून 350 रुपये सुटत असतील, तर हा गृहोद्योग दर ऑर्डरीला 50 रुपये गमावतो आहे. 19,200 भागिले 350 केलं की 54.86 येतं. डबा अर्धामुर्धा विकता येत नाही, म्हणून त्याच 1,600 क्लिकांतून निदान 55 ऑर्डरी हव्यात. आज कमी पडताहेत सात.