पन्नाशीच्या जेवणाचा हिशेब
पन्नासाव्या वाढदिवसाच्या जेवणाचा अंदाज ताटांवरून बांधतात. समजा, ८० जणांना आमंत्रण आहे. केटररला ७० ताटांची हमी पुरे. कमी माणसे आली तरी हमीच्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात. ६०० रुपये दराने ४२,००० होतात; जीएसटी त्यातच आहे ना, हे आधी विचारावे. हॉल १५,००० आणि केक-सजावट ८,००० धरून ६५,०००. ऐनवेळच्या पाहुण्यांसाठी आणखी सहा-सात हजार बाजूला हवेतच.

वहीत प्रत्येकापुढे ठरलेली रक्कम, दिलेला ॲडव्हान्स, तारीख आणि बाकी लिहावी. केटररला १०,००० दिले, की बाकी ३२,०००. हॉलची ५,००० अनामत मात्र वेगळ्या रकान्यात. ती परत मिळायची असते, खर्चात मिसळली की बेरीज फुगते. यूपीआयने पैसे दिले तरी पावती घ्यावी आणि तिच्यावर समारंभाची तारीख लिहून घ्यावी.