झेंडूचा शेंडा कधी खुडायचा?

दसऱ्याला घरच्या झेंडूचं तोरण हवं असेल, तर मोजणी दसऱ्यापासून मागे करत यावं लागतं. २०२६चा दसरा २० ऑक्टोबरला आहे. पहिला बहर साधारण १५ तारखेपर्यंत हवा. शेंडा खुडल्यापासून फुलं उमलायला सुमारे दीड महिना लागतो, म्हणजे खुडणी ऑगस्टअखेरीला आली. रोपं लावल्यापासून तीन आठवड्यांनी शेंडा खुडायचा, तर लागवड ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि बी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टाकायचं. जातीनुसार आणि हवेनुसार आठवडाभर मागेपुढे होतं, म्हणून पाकिटावरचा फुलायचा काळ जरूर बघावा.

हे सगळं उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूचं गणित. बुटका फ्रेंच झेंडू मुळातच पसरतो, त्याला हात लावायची गरज नाही. आफ्रिकन झेंडू मात्र सरळ वर जातो, कारण शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यांतले डोळे झोपवून ठेवतं. शेंडा गेला की ते फुटतात.

रोपाला पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या आणि कळी अजून दिसत नसली, की वेळ झाली. चार-पाच जोड्या खाली ठेवून वरचा कोवळा शेंडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मोडायचा. तो सहज तुटला पाहिजे. कात्री लागत असेल तर खोड जून झालं, उशीर झाला असं समजावं. नुसती कळी तोडून भागत नाही, तिच्याखालची पानंही काढावी लागतात. पाऊस नसलेली सकाळ निवडावी, कारण ओल्या जखमेतून खोड सडायला लागतं. आठवड्याभरात बेचक्यांत हिरवे कोंब दिसू लागतात. ते दिसले नाहीत, तर रोप अशक्त आहे किंवा मुळाशी पाणी साचलं आहे.

याची किंमतही आहे. पहिलं फूल दहा-पंधरा दिवस लांबतं आणि प्रत्येक फूल थोडं लहान निघतं. तोरणाला संख्या हवी असते, म्हणून मला हा सौदा पटतो. एकच टपोरं फूल हवं असेल, तर शेंडा राहू द्यावा. फांद्या वाढल्या की झाड वाऱ्याने लवंडतं, त्याला काठीचा आधार लागतो. खुडलेले शेंडे टाकू नयेत. खालची पानं काढून ओल्या वाळूत सावलीत खोचले, तर बहुतेक मुळं धरतात.

शेवंतीचा शेंडाही असाच खुडतात, लागवडीनंतर महिन्याभराने आणि मग पुन्हा तीनेक आठवड्यांनी. पण तिची मुदत सणावर नाही, रात्रीच्या लांबीवर ठरते. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेंड्यातच कळी धरते. म्हणून ऑगस्ट संपल्यावर शेवंतीला चिमटा लावू नये, नाहीतर आपण फुलंच तोडत बसतो. आणि कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवू नये, त्या उजेडाने तिची रात्र मोडते आणि कळी धरायची राहते.