अर्धवेळ नोकरीच्या अर्जात वेळ खरी लिहा
अर्धवेळ नोकरीच्या अर्जात ‘कधीही येऊ शकतो’ लिहू नका. दुकानदार ड्युटी लावतो ती तास मोजून. तुम्ही कधी नसाल हे आधी कळलं, तरच त्याला बदली माणूस बघता येतो. म्हणून थेट लिहा: ‘सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 ते रात्री 8, आठवड्याला 20 तास. शनिवारी प्रॅक्टिकल असतं. नोव्हेंबरमध्ये सत्र परीक्षा आहे. वेळापत्रक लागताच तारखा कळवेन, परीक्षेच्या दिवसांत निम्मेच तास जमतील.’ लेक्चर 3 ला सुटत असेल तर 3 लिहू नका, प्रवास धरा. कुणी म्हणेल, अशाने अर्ज बाजूला पडेल. काही ठिकाणी पडेलही. पण जिथे शनिवारीच माणूस हवा, तिथे पहिल्याच आठवड्यात दांडी पडली असती.