दारावरची विक्री : परवानगी, नकार आणि खरे बोलणे

घरोघरी जाऊन माल विकणे हा कमी भांडवलात सुरू करता येणारा व्यवसाय आहे, असे आपण नेहमी ऐकतो. आपल्या वस्त्यांमधील महिलांचे बचत गट आणि सुट्टीत काम शोधणारे कॉलेजचे विद्यार्थी या कामाकडे वळतात, पण बहुतेकजण पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच ते सोडून देतात. दारावर काय बोलायचे, कोणाची परवानगी घ्यायची आणि 'नको' ऐकल्यावर काय करायचे हे कोणी त्यांना सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात एकच वस्तू डोळ्यांपुढे ठेवून या कामाची रीत सांगण्याचा प्रयत्न केला आहे. ती वस्तू म्हणजे फरशी पुसण्याचे पांढरे फिनाईल. ते प्रत्येक घरात लागते, महिन्या-दीड महिन्यात संपते आणि त्याच्याविषयी खोटे बोलण्याचा मोहही फार होतो.

माल आधी स्वतः वापरावा

पांढरे फिनाईल साधारणपणे पाइन तेल किंवा सुगंधी तेल, ते पाण्यात मिसळून ठेवणारा साबणासारखा पदार्थ आणि पाणी यांचे बनलेले असते. ते बादलीत टाकले की पाणी दुधासारखे होते. बरेच विक्रेते हे दूध दाखवून 'बघा, किती जंतू मारणारे आहे' असे म्हणतात. हे बरोबर नाही. पाणी दुधाळ होते ते तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरल्यामुळे. त्यावरून जंतू मरतात की नाही हे कळत नाही, आणि नुसत्या वासावरूनही कळत नाही.

म्हणून विकायला निघण्यापूर्वी निदान आठ दिवस तेच फिनाईल आपल्या घरी वापरावे. एका बादलीला किती बुचे लागतात, वास किती वेळ टिकतो, फरशी चिकट होते का, हे पाहावे. बाटली दोन-तीन दिवस हलवू नये आणि मग वर तेलाचा थर सुटला आहे का ते बघावे. थर सुटला असेल तर मिश्रण नीट बसलेले नाही. पुष्कळदा ते खाऱ्या किंवा जड पाण्यात बनविल्यामुळे असे होते. असा माल बनविणाऱ्याकडे परत करावा, तो दारावर नेऊ नये.

बाटलीवर लेबल हवेच. बनविणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ माप, बनविल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, एवढे त्यावर असले पाहिजे. थंड पेयाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत फिनाईल भरून कधीही विकू नये. लहान मूल ते सरबत किंवा दूध समजून पिऊ शकते.

परवानगी दोन ठिकाणी घ्यायची

पहिली परवानगी फाटकावर. वॉचमनची नजर चुकवून आत शिरलेला विक्रेता तिसऱ्या मजल्यावर पकडला गेला की त्या इमारतीचे दार त्याला कायमचे बंद होते. त्याऐवजी एक दिवस आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटावे. आपले नाव, पत्ता, फोन नंबर, कोणती वस्तू आणि कोणत्या दिवशी किती वाजता येणार, एवढे एका कागदावर लिहून द्यावे. ओळखपत्र गळ्यात असावे आणि वॉचमनच्या वहीत नोंद करूनच वर जावे. 'विक्रेत्यांना मनाई' अशी पाटी असेल आणि सेक्रेटरीही नाही म्हणाले, तर तेथून परत फिरावे.

थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे नियम केले, त्यांत विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. आपला बचत गट अशी कंपनी नसला तरी ही रीत पाळण्यात आपलाच फायदा आहे.

दुसरी परवानगी दारावर. सकाळी साडेदहा ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळा बऱ्या. दुपारी दोन ते चार ही वेळ घरच्यांच्या विश्रांतीची असते. घंटी एकदाच वाजवावी आणि दोन पावले मागे सरकून उभे राहावे, म्हणजे आतल्या माणसाला आपण पूर्ण दिसतो. पहिली वाक्ये अशी असावीत : 'नमस्कार ताई, मी अमुक. पलीकडच्या वस्तीतल्या बचत गटातून आले आहे. फरशीचे फिनाईल विकते, लिटरची बाटली सत्तर रुपयांना. दोन मिनिटे बोलू का?' नाव, गाव, वस्तू, किंमत आणि विचारणा, सर्व त्यात आले. 'आम्ही सर्व्हे करतोय', 'तुम्हाला भेटवस्तू लागली आहे' अशी सुरुवात करणारा विक्रेता विक्रीचा हेतू लपवीत असतो. ते उघड झाले की पुढचे त्याचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही.

लहान मूल एकटे दार उघडेल तर 'आई घरी असताना येईन' एवढे म्हणून निघावे. वृद्ध माणूस एकटा असेल तर त्याच्याकडून घाईने पैसे घेऊ नयेत. मुलींनी जोडीने जावे आणि आत बोलावले तरी उंबऱ्यावरच बोलावे.

सांगायचे किती?

फिनाईलविषयी प्रामाणिकपणे सांगता येईल ते एवढेच : फरशी स्वच्छ पुसली जाते, वास चांगला राहतो, एका बादलीला दोन बुचे पुरतात. जंतू मारण्याचा दावा लेबलवर असेल आणि बनविणाऱ्याकडे त्याच्या तपासणीचा कागद असेल, तरच तो करावा. 'डास येणार नाहीत', 'डेंग्यू होणार नाही', 'अगदी निर्धोक आहे' ही वाक्ये तोंडातून निघता कामा नयेत.

याच्याही पुढे जाऊन, वस्तू काय करीत नाही ते आपणहून सांगावे. संडासातील पिवळे डाग क्षारांचे असतात, ते फिनाईलने निघत नाहीत. फिनाईल अॅसिड किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नये. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर फरशी वाळेपर्यंत त्यांना दूर ठेवावे. पोटात गेले तर ओकारी काढू नये, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. हे ऐकून एखादी गृहिणी घेणार नाही, पण जी घेईल तिची फसगत होणार नाही.

तोंडी बोललेल्याला पुरावा नसतो, म्हणून ते चालते, असा एक समज आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाविषयी केलेले खोटे विधान, मग ते तोंडी असो वा लेखी, अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. सदोष माल परत न घेणे हेही त्यातच येते. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ती मुदत तीस दिवसांची धरतात. यास्तव छोटे पावतीपुस्तक जवळ ठेवावे आणि बाटली परत आल्यास वाद न घालता पैसे द्यावेत.

नकाराची वही

आता मुख्य अडचण, नकाराची. चाळीस घरांची एक इमारत घेऊ. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. अकरा दारे बंद. उघडलेल्या एकोणतीसपैकी चौदाजण सरळ 'नको' म्हणाले, सातजण 'आहे घरात' म्हणाले, चौघे 'पुढच्या वेळी बघू' म्हणाले आणि चौघांनी एकेक बाटली घेतली. बाटली पंचेचाळीसला पडली आणि सत्तरला विकली, तर चार बाटल्यांचे शंभर रुपये सुटले. दोन-अडीच तास जिने चढून शंभर रुपये! येथेच मुले काम सोडतात.

पण हे चारही नकार एकसारखे नाहीत. बंद दार हा नकारच नव्हे. 'आहे घरात' म्हणजे ही वस्तू त्या घरी लागते. 'पुढच्या वेळी' म्हणजे येण्याची परवानगी आहे. खरा नकार फक्त चौदांचा आहे, आणि त्यांपैकी ज्यांनी 'पुन्हा येऊ नका' म्हटले त्यांच्या नावापुढे फुली मारून ते दार कायम सोडावे. प्रत्येक दारापुढे तारीख आणि ऐकलेले शब्द जिना उतरण्यापूर्वीच वहीत लिहावेत. 'का नको?' असे विचारीत दारात रेंगाळू नये. 'बरं ताई, धन्यवाद' म्हणून वळावे. दार आपटले तरी पुढच्या दाराशी जाताना आवाज तोच राहिला पाहिजे, कारण पुढच्या बाईने काहीच केलेले नसते.

काही दारांवर वस्तूऐवजी आडनाव विचारले जाते आणि ते ऐकून चेहरा बदलतो, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. आडनाव सरळ सांगावे, लपवू नये आणि तेथे वादही घालू नये. तो नकार मालाचाही नाही आणि विक्रेत्याच्या कामाचाही नाही. वहीत त्या दाराला फुली मारून पुढे जावे.

आता दुसरी फेरी. रोज दोन बुचे, म्हणजे सुमारे वीस मिलिलिटर, या हिशेबाने लिटरची बाटली पन्नास दिवस जाते. म्हणून पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास त्याच इमारतीत जावे. चौदा नकार वगळता सव्वीस दारे राहतात. जुन्या चौघांपैकी तिघांनी पुन्हा घेतली, 'आहे घरात' म्हणणाऱ्या सातांतून तिघांनी, 'पुढच्या वेळी' म्हणणाऱ्यांतून दोघांनी आणि पूर्वी बंद असलेल्या दारांतून एकाने. बाटल्या नऊ, सुटलेले पैसे दोनशे पंचवीस, आणि चढलेली दारे मात्र कमी.

समजा, पहिल्या फेरीत 'पिवळे डाग निघतील' असे ठोकून दिले असते, तर कदाचित चारऐवजी सात बाटल्या खपल्या असत्या आणि एकशे पंचाहत्तर रुपये हाती आले असते. पण डाग न निघालेल्या सातही घरांनी दुसऱ्यांदा दार उघडले नसते, आणि जिन्यात, नळावर ती गोष्ट बाकीच्या घरांनाही कळली असती. पंचाहत्तर रुपये जादा मिळवून सबंध इमारत गमावली, असा तो हिशेब होतो.

तरीही एका इमारतीवर कोणाचे पोट भरत नाही. बारा बाटल्या म्हणजे बारा किलोहून अधिक ओझे, त्यामुळे एका खेपेला याहून जास्त माल नेता येत नाही. पंचेचाळीस दिवसांच्या चक्रात जेवढ्या इमारती बसतील तेवढ्याच धराव्यात, आणि त्या एकमेकींच्या जवळच्या असाव्यात. उधारी द्यायचीच झाली तर ओळखीच्या घरी एका बाटलीपुरती द्यावी आणि वहीत तिचा वेगळा रकाना ठेवावा. वर्षभर नीट लिहिलेली ही वही हेच या धंद्याचे भांडवल होय. बचत गटातील दुसरी सभासद कामाला लागली, तर माल देण्याआधी तिला ही वही वाचायला द्यावी.